पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

नवा गेम कन्सोल टीव्हीला जोडला जातो, भाषा निवडली जाते, आणि मग वाय-फायची यादी पडद्यावर येते. त्यात घरच्या नेटवर्कचं नाव ठळक दिसतं, सिग्नलच्या रेघाही भरलेल्या असतात. पासवर्ड टाकला जातो. काही सेकंद गोल चक्र फिरतं आणि कन्सोल सांगतो की जोडणी झाली नाही. पासवर्ड पुन्हा टाकतात, एकेक अक्षर मोठ्यानं वाचून टाकतात, तरी उत्तर तेच. त्याच वेळी घरातले चार फोन आणि एक लॅपटॉप त्याच पासवर्डवर सुरळीत चालू असतात. अशा वेळी बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो: नवा कन्सोल बिघडलेला आहे, दुकानात परत न्या.

पुष्कळदा कन्सोल ठणठणीत असतो. राउटरमध्ये कुणीतरी कधीतरी एक यादी तयार करून ठेवलेली असते. त्या यादीत ज्या यंत्रांचे पत्ते आहेत त्यांनाच आत येऊ द्यायचं, असा हुकूम राउटरला दिलेला असतो. नव्या कन्सोलचा पत्ता त्या यादीत असणं शक्यच नसतं, कारण यादी झाली तेव्हा तो घरात नव्हता. पासवर्ड म्हणजे खिशातलं तिकीट धरलं, तर ही यादी म्हणजे डब्यावर चिकटवलेला रिझर्व्हेशनचा चार्ट. तिकीट असूनही नाव चार्टवर नाही, अशी त्या कन्सोलची गत होते. अडचण अशी की राउटर हे कारण कुणालाही सांगत नाही. कन्सोललाही नाही आणि घरच्यांनाही नाही.

ही यादी ज्या पत्त्यावर चालते त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. नेटवर्कला जोडता येणाऱ्या प्रत्येक यंत्रात, किंवा अधिक नेमकं सांगायचं तर त्यातल्या प्रत्येक नेटवर्कच्या भागात, कारखान्यातच असा एक पत्ता घातलेला असतो. तो ४८ बिटांचा असतो आणि बारा चिन्हांत लिहितात. उदाहरणार्थ `00:00:5E:00:53:1A`. (हा पत्ता पुस्तकांत नमुना म्हणून वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे, तो कुणाच्या घरच्या यंत्राचा नाही.) पहिली सहा चिन्हं आयईईई ही संस्था उत्पादकाला देते, उरलेली सहा उत्पादक आपल्या मालाला क्रमानं लावतो. चिन्हं सोळाच आहेत: ० ते ९ हे अंक आणि A ते F ही अक्षरं. म्हणून पत्त्यात इंग्रजी O हे अक्षर कधीच नसतं, तसं काही दिसलं तर ते शून्यच. 8 आणि B मात्र दोन्ही असू शकतात, आणि टीव्हीच्या पडद्यावरून दुरून वाचताना नेमकी तिथंच गल्लत होते.

कन्सोलच्या बाबतीत यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की त्याचे मॅक अ‍ॅड्रेस दोन असतात. एक वाय-फायचा आणि एक लॅनच्या केबलचा. प्लेस्टेशन ५ मध्ये `Settings`, `System`, `System Software`, `Console Information` असं गेलं की दोन्ही पत्ते वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेले सापडतात. एक्सबॉक्सवर ते नेटवर्क सेटिंगमधल्या `Advanced settings` मध्ये असतात. निन्टेन्डो स्विचवर `System Settings` मधलं `Internet` उघडलं की वाय-फायचा पत्ता दिसतो, आणि केबलसाठी वेगळा लॅन अ‍ॅडॉप्टर लावला असेल तर त्या अ‍ॅडॉप्टरचा स्वतःचा पत्ता निराळा. या दोन पत्त्यांमुळे एरवी पाच मिनिटांत संपणारं काम अख्खी सुटी खातं, ते पुढं येईलच.

राउटर गप्प का राहतो, हे समजायला कन्सोल नेटवर्कमध्ये शिरतो कसा ते पाहावं लागतं. पहिल्या पायरीवर राउटर आपलं नाव सतत हवेत सांगत असतो, आणि आसपासचं कुठलंही यंत्र ते ऐकू शकतं. म्हणून यादीत नसलेल्या कन्सोललाही नेटवर्कचं नाव बहुधा दिसतंच. दुसऱ्या पायरीवर कन्सोल राउटरला ‘मला जोडून घे’ अशी विनंती पाठवतो. तिसरी पायरी पासवर्डच्या पडताळणीची. साधारणपणे वापरात असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत ही पडताळणी विनंती मान्य झाल्यावर, चार निरोपांच्या देवाणघेवाणीतून होते. चौथ्या पायरीवर राउटर कन्सोलला घरातला एक आयपी पत्ता देतो. पाचवीत कन्सोल इंटरनेटवर जाऊन पाहतो की बाहेरचं जग लागतंय का.

मॅकची यादी सहसा दुसऱ्या पायरीवर बसलेली असते. म्हणजे कन्सोलनं टाकलेला पासवर्ड राउटर तपासतच नाही. तपासण्याची वेळ येण्याआधीच विनंती नाकारली गेलेली असते. नाकारण्याचा निरोप पाठवायचा झाला तर वाय-फायच्या नियमांत त्यासाठी एक छोटा क्रमांक असतो, आणि अशा वेळी राउटर बहुधा जो क्रमांक देतो त्याचा अर्थ फक्त ‘काही कारणानं जमलं नाही’ इतकाच होतो. काही राउटर तेवढंही करत नाहीत, विनंती कानावरच घेत नाहीत. कन्सोलच्या हाती यातून काहीच येत नाही. म्हणून तो आपल्या ठरावीक संदेशांपैकी सर्वांत जवळचा वाटेल तो दाखवतो: जोडता आलं नाही, वेळ संपली, किंवा पासवर्ड तपासून पाहा. हा शेवटचा संदेश घरच्यांना चुकीच्या रस्त्याला लावतो. पासवर्डशी काही संबंध नसताना पुढचा अर्धा तास पासवर्डवरच जातो.

ठाण्यातल्या एका चौकोनी कुटुंबाचं उदाहरण घेऊ. घरात फायबरची जोडणी आहे आणि वाय-फायचा राउटर काही वर्षांपूर्वी नाशिकच्या मामांनी आणून लावून दिलेला. त्यावर दोन नावं आहेत, २.४ गिगाहर्ट्झसाठी `Ghar` आणि ५ गिगाहर्ट्झसाठी `Ghar_5G`. पासवर्ड दोन्हींना एकच. कॉलेजात शिकणारी मुलगी आणि दहावीतला तिचा भाऊ यांनी साठवलेल्या पैशांत आई-बाबांनी भर घालून प्लेस्टेशन ५ घेतला, आणि पहिल्याच संध्याकाळी वर सांगितलं तेच घडलं.

भावानं लगेच फोनचा हॉटस्पॉट चालू केला. कन्सोल त्याला पहिल्या फटक्यात जोडला गेला. ही चाचणी फार मोलाची आहे, कारण कन्सोलचा वाय-फायचा भाग चांगला आहे हे तिनं सिद्ध होतं. (फक्त तिथं गेम उतरवायला सुरुवात करू नये. आजचे गेम कित्येक गिगाबाइटचे असतात आणि मोबाइलचा डेटा बघता बघता संपतो.) आता चित्र असं झालं: कन्सोल दुसऱ्या नेटवर्कला जोडला जातो, आणि घरच्या नेटवर्कला दुसरी यंत्रं जोडली जातात. फक्त ही जोडी जुळत नाही. अशा वेळी संशय कन्सोलवरून उठून राउटरच्या सेटिंगवर जायला हवा.

पण बाबांनी आधी एक सरळ उपाय केला. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची लांब केबल ओढली. कन्सोल क्षणात इंटरनेटवर गेला. यावरून घरात ठरलं की कन्सोलचा वाय-फायच खराब आहे, उद्या दुकान. हॉटस्पॉटची चाचणी एव्हाना सगळे विसरले होते. खरं तर केबल चालण्याचं कारण वेगळं होतं. घरगुती राउटरमधली वायरलेस मॅक फिल्टरची यादी बहुधा फक्त हवेतून येणाऱ्यांना अडवते. केबलनं आलेल्याला ती विचारत नाही. म्हणजे केबल चालली आणि वाय-फाय चाललं नाही, हा या दुखण्याचा पुरावाच म्हणायला हवा.

मुलीनं रात्री मामांना फोन लावला.

“मामा, पासवर्ड तोच आहे हो. माझ्या फोनवर चालतोय. तुम्ही राउटरमध्ये काही बंद करून ठेवलंय का?”

“अगं, मागे समोरच्या बिल्डिंगमधली पोरं तुमचं नेट वापरत होती, तेव्हा मी घरातली यंत्रं तेवढी चालू ठेवली होती. त्याची एक यादी आहे. गेल्या गणपतीत तुझ्या बाबांनी नवा फोन घेतला, तो मीच त्यात घातला, आठवतंय?”

बाबांना ते आठवत नव्हतं. नवा फोन जोडताना मामा राउटरपाशी काहीतरी करत होते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. असंच होतं बहुतेक घरांत. यादी करणारा एक असतो आणि अडकणारा दुसरा, आणि मधल्या वर्षांत नवं यंत्र आलेलं नसल्यामुळे यादीची आठवण कुणालाच राहत नाही.

राउटरचं पान उघडण्यासाठी घरातल्या आधीच जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकतात. तो बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो आणि राउटरच्या खाली चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो. तिथं लागणारा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. आत गेल्यावर यादी शोधायची ती वायरलेसच्या किंवा सुरक्षेच्या भागात. कुठं तिचं नाव `Wireless MAC Filtering` असतं, कुठं `WLAN MAC Filter`, कुठं `Access Control`. टीपी-लिंकच्या जुन्या राउटरवर तिथं दोन पर्याय दिसतात, त्यांतला `Allow the stations specified by any enabled entries in the list to access` हा निवडलेला असेल तर यादीतलेच आत, बाकी सगळे बाहेर. दुसऱ्या पर्यायाची सुरुवात `Deny` या शब्दानं होते आणि तो याच्या उलट आहे: यादीतले बाहेर, बाकी सगळे आत. नवा कन्सोल न सांगता अडतो तो पहिल्या प्रकारात.

राउटरच्या पोटात ही यादी किती साधी असते, हे ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या राउटर-प्रणालीच्या सेटिंगवरून दिसतं. संबंध हुकूम दोन ओळींचा आहे:

```
option macfilter 'allow'
list maclist '00:00:5E:00:53:1A'
```

पहिली ओळ सांगते की यादीतल्यांनाच परवानगी आहे. दुसरीत पत्ता. जितकी यंत्रं तितक्या दुसऱ्या ओळी.

मामांच्या सांगण्यावरून मुलीनं राउटरचं पान उघडलं. यादीत नऊ पत्ते होते. त्यांतले दोन-तीन तर घरातून कधीच गेलेल्या फोनांचे असावेत. जोडलेल्या यंत्रांच्या पानावर तिला कन्सोल सापडला, तिथून तिनं त्याचा पत्ता उचलला, `00:00:5E:00:53:1A`, आणि यादीत दहावा म्हणून घातला. केबल काढली, वाय-फाय लावून पाहिलं. पुन्हा तेच.

चूक कुठं झाली, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. कन्सोल त्या वेळी केबलनं जोडलेला होता, म्हणून राउटरनं केबलचा पत्ता दाखवला. तोच यादीत गेला. वाय-फायचा पत्ता अजून बाहेरच होता. मुलीनं कन्सोलवर `Console Information` उघडलं तेव्हा तिला दोन ओळी दिसल्या, आणि वाय-फायच्या ओळीत शेवटी `1A` च्या जागी `2C` होतं. हा पत्ता घातल्यावर `Ghar` चालू झालं. `Ghar_5G` तरीही नाही, कारण या राउटरवर दोन्ही बँडच्या याद्या स्वतंत्र आहेत. असे राउटर पुष्कळ आहेत. तोच पत्ता दुसऱ्या यादीतही घातला, सेव्ह केलं, आणि काम झालं.

पत्ता शोधताना आणखी एक गोष्ट चकवते. राउटरच्या पानावर कन्सोलच्या नावापुढं सोनी किंवा मायक्रोसॉफ्ट असं दिसेलच असं नाही. पहिली सहा चिन्हं नेटवर्कचा भाग बनवणाऱ्या कंपनीची असतात, आणि तो भाग अनेकदा होन हाय प्रिसिजनसारख्या दुसऱ्याच उत्पादकाचा असतो. अनोळखी नाव दिसलं म्हणून कुणीतरी परका घुसलाय असं समजून त्याला बाहेर काढणारेही आहेत, आणि मग बाहेर निघतो तो आपलाच कन्सोल. म्हणून नावावर न जाता बारा चिन्हं कन्सोलच्या पडद्यावरून ताडून पाहावीत. लिहिण्याची तऱ्हाही राउटरगणिक बदलते. कुठं दोन-दोन चिन्हांमध्ये विसर्ग-चिन्हासारखे दोन ठिपके लागतात, कुठं आडवी रेघ. चुकीची खूण टाकली तर काही राउटर चूक दाखवतात.

पाचही पायऱ्या डोळ्यांसमोर ठेवल्या तर कन्सोल कुठं पडतो यावरून दुखणं ओळखता येतं, आणि ही ओळख कुठल्याही त्रुटी-क्रमांकापेक्षा भरवशाची आहे. नेटवर्कचं नावच दिसत नसेल, तर मॅकची यादी हे शेवटचं कारण समजावं. आधी बँड पाहावा. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ तर ५ गिगाहर्ट्झ ऐकूच शकत नाही, त्याला `Ghar_5G` कधी दिसणार नाही. नाव दिसतं पण जोडणीच होत नाही, तर पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार किंवा मॅकची यादी, या तिघांपैकी एक. यातला पासवर्ड दुसऱ्या फोनवर नव्यानं टाकून तपासता येतो. सुरक्षेच्या प्रकारात राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवलेला असेल आणि कन्सोल जुना असेल तर तोही अडतो.

प्लेस्टेशन ४ च्या चाचणीत `Obtain IP Address` या ओळीवरच गाडी थांबली, म्हणजे वाय-फायचं दार उघडलं पण आयपी पत्ता मिळाला नाही. काही राउटरवर आयपी पत्ते ठरावीक मॅक अ‍ॅड्रेसनाच द्यायचे अशी सोय असते, तिथं हे घडतं. आणि आयपी मिळाला, पण इंटरनेट लागत नाही, तर अडवणारी यादी आणखी आतली आहे. नेटगिअरच्या राउटरवर `Access Control` मध्ये `Block all new devices from connecting` असा पर्याय आहे. तो एकदा चालू केला की पुढं येणारं प्रत्येक नवं यंत्र आपोआप अडवलेल्यांत जातं, कुणी नाव लिहावंही लागत नाही. मुलांच्या वापराला वेळेचं बंधन घालणाऱ्या पालक-नियंत्रणाच्या सोयीही याच पातळीवर काम करतात. कन्सोल रोज संध्याकाळपर्यंत चालतो आणि ठरल्या वेळी बंद पडतो, असं होत असेल तर यादीपेक्षा तिथं वेळापत्रक शोधावं.

घरात वाय-फाय पुढं नेणारा रिपीटर असेल तर गुंता वाढतो. पुष्कळ रिपीटर आपल्यामागच्या यंत्रांचे मॅक अ‍ॅड्रेस जसेच्या तसे राउटरला दाखवत नाहीत, ते आपला किंवा बदललेला पत्ता पुढं करतात. कन्सोलवरचा पत्ता अगदी बरोबर लिहून यादीत घातला तरी राउटरला दिसणारा पत्ता निराळाच असतो. अशा घरात कन्सोल हॉलमध्ये राउटरजवळ नेला की चालतो आणि आतल्या खोलीत चालत नाही, आणि दोष सिग्नलला दिला जातो.

तपास करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे यादी पाच मिनिटं बंद करून पाहणं. यादी पुसायची नाही, फक्त फिल्टर `Disable` करायचा. त्या अवस्थेत कन्सोल जोडला गेला तर निदान पक्कं. मग राउटरच्या पानावरून त्याचा पत्ता, आता वाय-फायनं जोडलेला असताना, उचलायचा, यादीत घालायचा आणि फिल्टर पुन्हा चालू करायचा. या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट लागतंच, त्याशिवाय सुरुवातीची तयारी पुरी होत नाही. सेटिंगच्या पानांपर्यंत पोचण्याआधीच अडून बसलेल्या कन्सोलचा पत्ता शोधण्याची धडपड या मार्गानं टळते.

उलटा अपघातही होतो आणि तो जास्त महाग पडतो. यादी रिकामी असताना उत्साहात कन्सोलचा एकच पत्ता घालायचा, ‘यादीतल्यांनाच परवानगी’ निवडायचं आणि सेव्ह करायचं. पुढच्या क्षणी कन्सोल सोडून घरातलं प्रत्येक यंत्र बाहेर फेकलं जातं, ज्या फोनवरून हे केलं तोसुद्धा. तेव्हा घाबरून राउटरमागच्या बारीक भोकात टाचणी घालू नये. लॅपटॉप केबलनं जोडावा, बहुतेक राउटरचं पान तिथून उघडतं, आणि फिल्टर बंद करता येतो. टाचणीनं राउटर कारखान्यातून आला तसा होतो. त्याबरोबर इंटरनेट पुरवठादारानं भरलेलं लॉगिनचं नाव आणि पासवर्डही पुसला जातो. आपल्याकडच्या अनेक फायबर आणि केबल जोडण्यांत ही माहिती ग्राहकाकडे नसते, ती पुरवठादाराच्या माणसाकडे असते. मग तो येईपर्यंत घरात नेट नाही.

मुळात ही यादी ठेवावी का, हा प्रश्न यानंतर येतोच, आणि त्याचं उत्तर बहुतेक घरांसाठी नाही असं आहे. घरगुती वाय-फाय नवं होतं तेव्हा डब्ल्यूईपी नावाची सुरक्षा वापरात होती. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी तिच्या गाभ्यातली कमजोरी दाखवून दिली, आणि त्या काळात मॅकची यादी हा जोडीचा अडसर म्हणून बऱ्यापैकी पटण्यासारखा होता. आज डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ आहेत. यादीची उणीव तिच्या रचनेतच आहे: वाय-फायवर पाठवलेला मजकूर गुप्त केलेला असला तरी पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस उघडाच जातो. ज्याला जमतं तो बाहेर उभं राहून परवानगी असलेला पत्ता ऐकू शकतो आणि आपल्या यंत्राला तोच लावू शकतो. पत्ता बदलणं अवघड नाही. एक्सबॉक्सच्या सेटिंगमध्ये तर `Alternate MAC address` नावाची उघड सोयच आहे. म्हणजे जाणत्या चोराला यादी थांबवत नाही, आणि दुसऱ्या बाजूला घरच्या माणसाला संबंध संध्याकाळ थांबवते. मामांनी ज्या पोरांसाठी यादी केली, त्यांच्यासाठी नवा, लांबलचक पासवर्ड ठेवणं पुरेसं होतं.

फोनांमुळेही या यादीचा पाया खिळखिळा झाला आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर आपला खरा पत्ता दाखवत नाहीत, त्या-त्या नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतात. असा पत्ता ओळखण्याची खूण दुसऱ्या चिन्हात असते: ते 2, 6, A किंवा E असतं. फोन पूर्ण रीसेट केला की पत्ता नवा होतो आणि कालपर्यंत चालणारा फोन आज यादीबाहेर जातो. कन्सोल मात्र कारखान्यातला पत्ताच वापरतात. म्हणून एकदा बरोबर पत्ता लिहिला की कन्सोल पुन्हा अडत नाही, हे त्यातल्या त्यात सुख.

जिथं यादी आपल्या हातात नसते तिथली गोष्ट निराळी आहे. आपल्याकडे काही स्थानिक केबल इंटरनेटवाले ग्राहकाची जोडणी त्याच्या राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसशी बांधून ठेवतात, त्यांच्या भाषेत मॅक बाइंडिंग. राउटर काढून केबल थेट कन्सोलमध्ये खोचली तर नेट मिळत नाही, आणि त्यांना फोन करून नवा पत्ता कळवावा लागतो. वसतिगृहांत आणि विद्यापीठांत यादीला खरं कारणही असतं. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांचं मुख्य वाय-फाय प्रत्येक विद्यार्थ्याचं स्वतंत्र लॉगिन मागतं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच यांना तसलं लॉगिन करता येत नाही. म्हणून तिथं गेम कन्सोलसाठी वेगळं नेटवर्क असतं आणि विद्यार्थी आपल्या खात्यातून कन्सोलचा मॅक अ‍ॅड्रेस नोंदवतात. पुण्या-मुंबईहून तिकडं शिकायला गेलेली मुलं सामानातून कन्सोल नेतात आणि पहिल्या आठवड्यात हीच भिंत त्यांना लागते. त्यांनी मदत-कक्षाच्या पानावर ‘गेमिंग डिव्हाइस’ किंवा ‘डिव्हाइस रजिस्ट्रेशन’ असा विभाग शोधावा. नोंदवताना वाय-फायचा आणि केबलचा असे दोन्ही पत्ते द्यावेत, कारण खोलीत लॅनचं सॉकेट असेल तर कधी ना कधी तेही वापरलं जाईल, आणि नोंद लागू व्हायला वेळ लागतो असं तिथं लिहिलेलं असेल तर तेवढा वेळ जाऊ देऊन मगच कन्सोल बंद करून पुन्हा चालू करावा.